विक्री, टार्गेट आणि मागचे करडे पट्टे: एक्सेलमध्ये बुलेट चार्ट असा बनवा

मसाल्याच्या एका डेपोचा विक्रीचा तिमाही आढावा माझ्याकडे असतो. सातारा, कराड, सांगली, मिरज, कोल्हापूर असे पाच एरिया. सुरुवातीला मी साधा कॉलम चार्ट लावायचे, म्हणजे प्रत्येक एरियाचा एक कॉलम. त्यात सांगलीचा कॉलम ५७ लाखांचा आणि साताऱ्याचा ३४ लाखांचा, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं सांगली जोरात आहे. पण सांगलीचं टार्गेट होतं ८० लाख आणि साताऱ्याचं ४० लाख. म्हणजे सांगली ७१ टक्क्यांवर अडकलेली आणि सातारा ८५ टक्क्यांपर्यंत पोचलेला. चार्ट खोटं बोलत नव्हता. विचारायचा प्रश्नच त्यात नव्हता.

बुलेट चार्ट नेमका तो प्रश्न मांडतो. मागे फिक्या-गडद छटांचे रुंद पट्टे असतात आणि ते कामगिरी कमी, ठीक की चांगली हे सांगतात. त्यांच्यावर विक्रीचा एक अरुंद गडद बार असतो आणि टार्गेटच्या जागी एक आडवी जाड रेघ. गाडीच्या स्पीडोमीटरसारखे गोल गेज डॅशबोर्डवर भरमसाट जागा खातात, त्यांना पर्याय म्हणून माहिती चित्रांत मांडण्याच्या क्षेत्रातले तज्ज्ञ स्टीफन फ्यू यांनी हा प्रकार मांडला. एक्सेलच्या चार्टच्या यादीत तो तयार मिळत नाही, तीन प्रकारचे चार्ट एकावर एक बसवून तो उभा करावा लागतो. त्या बसवण्यातच एक अशी खोच आहे की चार्ट दिसायला देखणा होतो आणि निकाल मात्र चुकीचा दाखवतो. मी स्वतः तो चुकीचा चार्ट एका मीटिंगमध्ये दाखवून बसले आहे, म्हणून पायरी ५ सावकाश वाचा.

खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, सगळे लाख रुपयांत.

## हाताशी काय असू द्याल

- विंडोजवरचं एक्सेल २०१६ किंवा त्यानंतरचं. मेनूंची नावं मी त्यातलीच दिली आहेत.
- तिमाहीचा विक्रीचा रिपोर्ट, एरियावार, परत आलेला माल वजा केलेला.
- मंजूर टार्गेटची शीट, म्हणजे तिमाहीच्या सुरुवातीला सगळ्यांना मेल झालेली. कुणाच्या वहीतले आकडे नकोत.
- कामगिरीच्या हद्दी, म्हणजे किती टक्क्यांखाली ‘कमी’ आणि किती टक्क्यांपासून ‘चांगली’, हे सेल्स मॅनेजरकडून लेखी.

## १. विक्री आणि टार्गेट एकाच मापात आणा

चार्ट उघडण्याआधी दहा मिनिटं इथे घाला. टार्गेट बहुतेक ठिकाणी जीएसटी सोडून ठरलेलं असतं. विक्रीचा रिपोर्ट काढताना मात्र बिलाची पूर्ण रक्कम असलेला रकाना सहज उचलला जातो. मसाल्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. पाच टक्क्यांनी काय बिघडणार, असं वाटेल. कोल्हापूरची खरी विक्री ९७ लाख आणि टार्गेट १०० लाख. जीएसटीसकट ती १०१.८५ लाख होते, म्हणजे न गाठलेलं टार्गेट कागदावर गाठलं जातं. म्हणून रिपोर्टमधून करपात्र रक्कम घ्या आणि त्यातून क्रेडिट नोटा वजा झाल्या आहेत ना, हे तपासा.

दुसरा घोटाळा वितरणाच्या धंद्यात नेहमीचा आहे, प्रायमरी आणि सेकंडरीचा. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला दिलेला माल ही प्रायमरी विक्री, डिस्ट्रिब्युटरने दुकानदाराला दिलेला माल ही सेकंडरी. टार्गेट सेकंडरीचं असेल आणि तुम्ही प्रायमरीचे आकडे लावलेत, तर महिनाअखेरीला डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात ढकललेला मालसुद्धा विक्री म्हणून बारमध्ये चढतो.

तिसरी गोष्ट तारखेची. तिमाही संपायच्या आत चार्ट काढत असाल तर पूर्ण टार्गेटशी तुलना करू नका. एप्रिल ते जून या ९१ दिवसांत २० मेपर्यंत ५० दिवस होतात. सांगलीचं ८० लाखांचं टार्गेट त्या दिवशी सुमारे ४४ लाख धरायचं. तुमची विक्री तिमाहीच्या शेवटाकडे झुकत असेल तर दिवसांचं प्रमाण चालणार नाही. गेल्या वर्षी त्याच तारखेपर्यंत तिमाहीचा किती हिस्सा विकला गेला होता, ते प्रमाण लावा. समजा तो हिस्सा ४५ टक्के होता, तर २० मेचं टार्गेट ३६ लाख. ४४ आणि ३६ यांत फार अंतर आहे, म्हणून कोणतं प्रमाण लावलं ते चार्टच्या खाली एका ओळीत लिहा.

## २. पट्ट्यांच्या हद्दी आधी ठरवा

आमच्याकडे टार्गेटच्या ७५ टक्क्यांखाली ‘कमी’, ७५ ते ९५ ‘ठीक’ आणि ९५ च्या वर ‘चांगली’ असं ठरलं आहे. सगळ्यात वरचा पट्टा १२० टक्क्यांवर थांबतो. तुमच्याकडे वेगळं असेल, पण ते विक्रीचे आकडे बघण्याआधी ठरलेलं हवं. आकडे आल्यावर हद्द ठरवायला बसलात की कुणीतरी म्हणतंच, ‘मिरज ९० वर आहे, मग चांगलीची हद्द ९० च ठेवू या.’ मग पट्ट्यांना अर्थ उरत नाही.

तीन पट्टे पुरेत. पाचपर्यंत नेता येतात, पण करड्याच्या पाच छटा प्रोजेक्टरवर वेगळ्या ओळखू येत नाहीत.

टार्गेटची रेघ ‘चांगली’ पट्ट्याच्या आत, १०० टक्क्यांवर येते, पट्ट्याच्या सीमेवर नाही. नवख्या माणसाला हे खटकतं. पण कोल्हापूरसारखा ९७ टक्क्यांचा एरिया टार्गेट चुकला तरी कामगिरीत चांगल्यात मोडतो, आणि या दोन्ही गोष्टी एका नजरेत दाखवता याव्यात म्हणून तर रेघ आणि पट्टे वेगळे ठेवले आहेत.

## ३. तक्ता मांडा

नव्या शीटमध्ये A1 पासून F6 पर्यंत हा तक्ता हवा. शीटमध्ये अंक इंग्रजीच टाइप करा.

| विभाग | कमी | ठीक | चांगली | विक्री | टार्गेट |
|---|---|---|---|---|---|
| सातारा | ३० | ८ | १० | ३४ | ४० |
| कराड | ४५ | १२ | १५ | ६२ | ६० |
| सांगली | ६० | १६ | २० | ५७ | ८० |
| मिरज | ३७.५ | १० | १२.५ | ४५ | ५० |
| कोल्हापूर | ७५ | २० | २५ | ९७ | १०० |

मधले तीन रकाने हाताने भरू नका. तक्त्यापासून दूर, I1, I2 आणि I3 मध्ये `75%`, `95%`, `120%` या हद्दी लिहा. मग दुसऱ्या ओळीत B, C आणि D मध्ये अनुक्रमे ही सूत्रं टाका आणि सहाव्या ओळीपर्यंत खाली ओढा:

```
=F2*$I$1
=F2*($I$2-$I$1)
=F2*($I$3-$I$2)
```

दुसऱ्या आणि तिसऱ्या सूत्रातली वजाबाकी नीट बघा. पट्टे एकावर एक रचले जाणार आहेत, म्हणून प्रत्येक रकान्यात पट्ट्याची जाडी हवी, पट्टा कुठे संपतो तो आकडा नको. कोल्हापूरच्या ओळीत ७५, ९५, १२० असं लिहिलंत तर एक्सेल ते रचून २९० उंचीचा ढीग करतं आणि ९७ चा बार तळाशी बुटका दिसतो. पट्टे विक्रीच्या मानाने अवाढव्य दिसले की पहिला संशय याच चुकीचा घ्या. ताळा सोपा आहे: B, C आणि D ची बेरीज टार्गेटच्या १.२ पट यायला हवी. साताऱ्याची ३० + ८ + १० = ४८, आणि ४० ची १.२ पट तेवढीच.

आकडे रिपोर्टमधून कॉपी केले असतील तर ते पेशीत उजवीकडे टेकलेत का बघा. डावीकडे टेकलेला आकडा बहुतेक वेळा मजकूर म्हणून बसलेला असतो आणि चार्टमध्ये त्याचा बार शून्यावर राहतो.

## ४. चार्ट घाला आणि पाच मालिकांना त्यांचं काम द्या

A1:F6 निवडा. `Insert` मधून 2-D चा `Stacked Column` घ्या. पाचही रकाने एकाच ढिगात रचलेले दिसतील, ते बरोबर आहे. खाली आडव्या ॲक्सिसवर एरियांची नावं हवीत. तिथे ‘कमी, ठीक, चांगली’ दिसत असेल तर `Chart Design` मधलं, जुन्या आवृत्तीत नुसत्या `Design` मधलं, `Switch Row/Column` दाबा.

आता चार्टवर उजवं क्लिक करून `Change Chart Type` उघडा आणि डावीकडे सगळ्यात खालचं `Combo` निवडा. खाली पाच मालिकांची, म्हणजे तक्त्यातल्या पाच रकान्यांची, यादी येते. एक्सेल स्वतःच्या अंदाजाने त्यातल्या काहींना लाइन करून टाकतं, म्हणून पाचही ओळी तपासा. आधी ‘विक्री’ आणि ‘टार्गेट’ यांच्यासमोरच्या `Secondary Axis` च्या चौकोनात टिक करा आणि मगच प्रकार बदला. उलट क्रमाने गेलात तर एका कॉलमचा प्रकार बदलला की त्याच ॲक्सिसवरच्या बाकीच्या कॉलमचाही बदलतो.

- ‘कमी’, ‘ठीक’, ‘चांगली’: `Stacked Column`, टिक नको.
- ‘विक्री’: `Clustered Column`, टिक हवी.
- ‘टार्गेट’: `Line with Markers`, टिक हवी.

विक्रीला दुसऱ्या ॲक्सिसवर का पाठवायचं? एका ॲक्सिसवरचे सगळे कॉलम एकाच रुंदीचे राहतात. बार अरुंद आणि पट्टे रुंद हवेत, तर दोघांना वेगळ्या ॲक्सिसवर बसवण्यावाचून एक्सेलमध्ये मार्ग नाही. टार्गेटलाही तिकडेच पाठवायचं कारण वेगळं आहे. दुसऱ्या ॲक्सिसवरच्या गोष्टी नेहमी पहिल्या ॲक्सिसच्या वर काढल्या जातात. टार्गेट पहिल्यावर ठेवलंत तर कराडसारख्या टार्गेट ओलांडलेल्या एरियात रेघेचा मधला भाग बारखाली झाकला जातो.

## ५. उजवीकडचा ॲक्सिस डिलीट करा, नुसता लपवू नका

आता चार्टला दोन उभे ॲक्सिस आहेत. डावीकडच्यावर पट्टे मोजले जातात, उजवीकडच्यावर विक्री आणि टार्गेट. एक्सेल दोघांचं माप आपापल्या आकड्यांवरून वेगवेगळं ठरवतं. पट्ट्यांचा सगळ्यात मोठा ढीग १२० चा, म्हणून डावीकडचं माप ० ते १४० होतं. विक्री-टार्गेटमधला सगळ्यात मोठा आकडा १००, म्हणून उजवीकडचं ० ते १२०.

आता सांगली घ्या. ५७ चा बार उजवीकडच्या मापाने १२० पैकी ५७ इतकी उंची घेतो. तीच उंची डावीकडच्या मापावर वाचली तर ६६.५ भरते. सांगलीचा ‘कमी’ पट्टा ६० ला संपतो. म्हणजे ‘कमी’त असलेली सांगली चित्रात ‘ठीक’मध्ये जाऊन बसली. बाकीच्यांचंही तसंच होतं. साताऱ्याचे ३४ लाख ३९.७ च्या उंचीवर जातात आणि ३८ ची सीमा ओलांडून ‘चांगली’त शिरतात. मिरजेचे ४५ लाख ५२.५ वर जातात, तेही ‘चांगली’त. पाचांपैकी तीन एरिया एकेक पट्टा वर चढले आणि तक्त्यातला एकही आकडा चुकलेला नाही.

माझ्या हातून हेच झालं होतं. उजवीकडचे आकडे बघायला वाईट दिसत होते, म्हणून मी `Format Axis` मध्ये जाऊन `Label Position` ला `None` केलं आणि ॲक्सिसची रेघही काढली. ॲक्सिस दिसेनासा झाला, पण त्याचं वेगळं माप तसंच राहिलं. मीटिंगमध्ये सांगलीच्या एरिया मॅनेजरना ‘ठीक’ची शाबासकी मिळाली आणि पुढच्या तिमाहीचा सगळा जोर भलत्याच एरियावर लागला. ते आजही मला लागून आहे.

बरोबर रीत अशी: उजवीकडच्या ॲक्सिसच्या आकड्यांवर एकदा क्लिक करा आणि कीबोर्डवरचं `Delete` दाबा. चार्टशेजारच्या अधिकच्या चिन्हात `Axes` खाली `Secondary Vertical` ची टिक काढली तरी तेच होतं. ॲक्सिस खरोखर गेला की विक्री आणि टार्गेट डावीकडच्या मापावर मोजले जातात, आणि कॉलमची वेगळी रुंदी ठेवण्याची सोय मात्र राहते. डिलीट करताच बार किंचित खाली सरकलेले दिसतील. ते सरकणं डोळ्यांनी बघून घ्या.

आधी कुणी ॲक्सिस लपवून ठेवला असेल आणि फाइल तुमच्याकडे आली असेल तर कसं ओळखाल? बार आणि टार्गेटची रेघ एकमेकांशी जुळतात का, हे बघून काही कळणार नाही. दोघेही एकाच चुकलेल्या मापावर आहेत, त्यामुळे ते जुळणारच. ताळा पट्ट्यांशी करायचा. सांगलीच्या विक्रीच्या पेशीत क्षणभर `60` टाका, कारण तिचा ‘कमी’ पट्टा ६० ला संपतो. बारचं टोक त्या पट्ट्याच्या शिवेवर नेमकं टेकलं तर माप एकच आहे. टोक वर गेलं तर दुसरा ॲक्सिस अजून कुठेतरी जिवंत आहे. बघून झालं की `Ctrl+Z`.

आता डावीकडच्या ॲक्सिसवर उजवं क्लिक, `Format Axis`, `Bounds` मध्ये `Minimum` ला `0` लिहा. बारची लांबी हीच विक्री असते, त्यामुळे तो शून्यापासूनच निघाला पाहिजे. सगळे आकडे एकमेकांच्या जवळचे असले की एक्सेल स्वतःहून ॲक्सिस मधूनच सुरू करू शकतं, म्हणून हे हाताने ठरवून टाकायचं. `Maximum` मात्र `Auto` वरच राहू द्या. ते १२० ला बांधलंत आणि पुढच्या तिमाहीत कोल्हापूरचं टार्गेट १२० लाख झालं, तर तिचा १४४ पर्यंतचा पट्टा वरून कापला जाईल.

## ६. रुंदी, रेघ आणि रंग

कोणत्याही पट्ट्यावर उजवं क्लिक, `Format Data Series`, `Gap Width` `40%`. विक्रीच्या बारवर तेच करून `250%`. गॅप जितकी जास्त तितका कॉलम बारीक होतो. या आकड्यांनी बार पट्ट्याच्या चाळीस टक्के रुंदीचा होतो आणि दोन्ही बाजूंनी पट्टे नीट दिसतात.

मग टार्गेट. त्या मालिकेवर क्लिक करून `Fill & Line` मध्ये `Line` खाली `No line` निवडा. एरिया-एरियांमधून जाणारी तिरकी रेघ जायलाच हवी, कारण सातारा आणि कराड यांना जोडणाऱ्या रेघेला काही अर्थ नाही. त्याच जागी `Marker` उघडा, `Marker Options` मध्ये `Built-in`, प्रकार म्हणून लांब आडवी रेघ (तिथे आखूडही आहे, ती नको), `Size` साधारण `18`. भरणीचा रंग काळा. रेघ बारपेक्षा रुंद पण पट्ट्यापेक्षा थोडी अरुंद दिसली पाहिजे. ही रेघ पॉइंटमध्ये मोजली जाते आणि चार्ट ताणला तरी ती मोठी होत नाही. म्हणून आधी चार्टचा शेवटचा आकार ठरवा आणि मग रेघेचा.

रंगांत मी एकच सांगेन: पट्ट्यांना लाल-पिवळा-हिरवा देऊ नका. मोह होतो, कारण सिग्नल सगळ्यांना कळतो. पण तीन भडक रंग मागे आले की पुढचा बार, म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तोच, हरवतो. लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं मीटिंगमध्ये असू शकतात, आणि ऑफिसचा प्रिंट तर बहुतेक वेळा काळा-पांढराच निघतो. त्यापेक्षा एकाच करड्याच्या तीन छटा घ्या. `More Colors` मधल्या `Hex` च्या चौकटीत ‘कमी’साठी `A6A6A6`, ‘ठीक’साठी `C8C8C8`, ‘चांगली’साठी `E6E6E6`. जुन्या आवृत्तीत ती चौकट नसेल तर `Custom` मध्ये लाल, हिरवा, निळा तिन्हींना `166`, मग `200`, मग `230`. बारला गडद निळा. ‘कमी’चा पट्टा सगळ्यात गडद असतो, म्हणून बारचा रंग त्याहून बराच गडद हवा, नाहीतर सांगलीसारखा पहिल्याच पट्ट्यात संपणारा बार त्यात विरून जातो. एक प्रिंट काढून हाताच्या अंतरावरून बघा.

मागच्या आडव्या ग्रिडलाइन काढून टाका. पट्ट्यांच्या शिवा आणि ग्रिड एकमेकांत गुंततात. लेजंडऐवजी शीर्षकाखाली एक ओळ लिहिली तर जास्त कळतं: ‘गडद पट्टा टार्गेटच्या ७५% पर्यंत, मधला ९५% पर्यंत, फिका १२०% पर्यंत. काळी रेघ म्हणजे टार्गेट. आकडे लाख रुपयांत, जीएसटी सोडून.’

उभ्याऐवजी आडवे बार हवे असतील तर हीच रीत चालत नाही. एक्सेलमध्ये आडव्या बारसोबत लाइन चार्ट बसत नाही, त्यासाठी टार्गेट स्कॅटर चार्टने टिंबांसारखं मांडावं लागतं आणि प्रत्येक टिंबाची उंची वेगळी मोजून द्यावी लागते. आधी उभा चार्ट पक्का जमू द्या.

## ७. लहान एरिया चिरडला जात असेल तर

चार्ट तयार झाला की साताऱ्याकडे बघा. कोल्हापूरचे पट्टे १२० पर्यंत आणि साताऱ्याचे ४८ पर्यंत. एकाच मापावर साताऱ्याचा ‘ठीक’ पट्टा जेमतेम ८ लाखांचा उरतो आणि बार त्यात नेमका कुठे संपला ते दुरून कळत नाही. एरियांच्या टार्गेटमध्ये तीन-चार पटींहून जास्त फरक असेल तर ही अडचण इतकी वाढते की चार्टचा उपयोग संपतो.

उपाय म्हणजे टक्क्यांचा चार्ट. त्याच शीटमध्ये वेगळा तक्ता करा. त्यात ‘विक्री’च्या जागी `=E2/F2`, ‘टार्गेट’च्या जागी सगळीकडे `1`, आणि पट्ट्यांच्या जागी `=$I$1`, `=$I$2-$I$1`, `=$I$3-$I$2`. पेशींना टक्क्यांचं स्वरूप द्या. बाकी सगळ्या पायऱ्या तशाच. आता पाचही एरियांचे पट्टे एकाच उंचीवर, टार्गेटची रेघ सगळीकडे सरळ एका ओळीत, आणि बार असे: सातारा ८५, कराड १०३, सांगली ७१, मिरज ९०, कोल्हापूर ९७ टक्के. कोण मागे, हे शोधावं लागत नाही.

पण टक्क्यांत रुपये दिसेनासे होतात, आणि हे नुकसान छोटं नाही. सातारा १५ टक्क्यांनी मागे आहे आणि कोल्हापूर फक्त ३ टक्क्यांनी, म्हणून साताऱ्याची तूट पाचपट वाटते. रुपयांत सातारा ६ लाखांनी मागे आणि कोल्हापूर ३ लाखांनी, म्हणजे दुप्पटच. सगळ्या डेपोचं टार्गेट ३३० लाख, विक्री २९५ लाख, तूट ३५ लाख. त्यात एकट्या सांगलीची तूट २३ लाख. हा आकडा चार्टवर यायलाच हवा. त्यासाठी मूळ तक्त्याशेजारी `=F2-E2` असा तुटीचा रकाना करा. मग टक्क्यांच्या चार्टमधल्या विक्रीच्या बारवर उजवं क्लिक, `Add Data Labels`, नंतर `Format Data Labels` मध्ये `Value From Cells` टिक करून तो रकाना निवडा आणि `Value` ची टिक काढा. लेबल बारच्या आत, तळाशी ठेवा (`Inside Base`), पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे टार्गेटच्या रेघेवर येणार नाही. कराडचं लेबल −२ येईल, कारण तिथे तूट नसून दोन लाख जास्त विकले गेलेत. तिथे उणे चिन्ह वाचून लोक घाबरतात, म्हणून तुटीच्या रकान्याला हे स्वरूप द्या (`Format Cells`, `Custom`):

```
0.0;"+"0.0
```

अर्धविरामाच्या पुढचा भाग उणे आकड्यांसाठी असतो, त्यामुळे कराडवर +२.० असं दिसतं. लेबलमध्ये हे स्वरूप उतरलं नाही तर तुटीचा रकाना `=TEXT(F2-E2,"0.0;+0.0")` असा करा.

## ८. पुढच्या तिमाहीला

नवा चार्ट बनवायची गरज नाही. शीटच्या टॅबवर उजवं क्लिक, `Move or Copy`, `Create a copy`. पूर्ण शीटची प्रत काढली की चार्ट नव्या शीटमधले आकडे वाचतो. नुसता चार्ट कॉपी करून दुसऱ्या शीटमध्ये चिकटवला तर तो जुन्याच शीटकडे बघत राहतो, आणि नवे आकडे टाकूनही बार हलत नाहीत.

प्रतीत E आणि F हे दोनच रकाने बदला. एखादा एरिया १२० टक्क्यांच्या वर गेला असेल तर त्याचा बार पट्ट्यांच्या बाहेर डोकावेल. तसं दिसल्यास I3 मध्ये `140%` करा, पण सगळ्या एरियांसाठी एकदम. शेवटी पायरी ५ मधला ताळा पुन्हा एकदा: सांगलीच्या विक्रीत तिच्या B4 मधला आकडा टाका, टोक शिवेवर टेकतंय का बघा, `Ctrl+Z` करा, आणि मग फाइल पाठवा.